डॅशबोर्ड स्लो म्हणून सगळं सोर्सवर ढकलायचं?

डेटावाला_नांदेड: पॉवर बीआय उघडायला वेळ लागतो म्हणून रडणाऱ्यांनो, विज्युअल निम्मे करा, डेटा आधीच बेरजा करून आणा, उरलेलं डायरेक्टक्वेरीवर टाका आणि सोर्सला राबू द्या. याच्यापुढं काही नसतंय.

काटा_लातूर: शेवटचा सल्ला पाळून मी शिव्या खाल्ल्यात, म्हणून लिहायलोय. आमचा सोयाबीन खरेदीचा डॅशबोर्ड, वीसेक लाख पावत्या, एका पानावर 26 विज्युअल. इम्पोर्ट सोडून डायरेक्टक्वेरी केली. सकाळी दहाला मालकांनी पान उघडलं की सगळ्या क्वेऱ्या त्याच एसक्यूएल सर्व्हरवर, जिथं वजनकाट्याची पावती लिहिली जाते. मोठ्या क्वेरीनं लॉक धरला की पावती अडकायची. बाहेर ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत, आणि काट्यावरच्या पोराचा फोन, "मालकाला ते बंद करायला सांगा हो." तुमचा सोर्स रिकामा बसलेला असेल, आमचा नव्हता.

परत इम्पोर्टवर आलो आणि आधी मोजलं. Performance Analyzer लावला. बहुतेक विज्युअलची DAX query पाव सेकंदात होत होती, पण Other सात-आठ सेकंद. म्हणजे हिशोब अवघड नव्हता, विज्युअल एकमेकांसाठी थांबून होते. 14 सुटी कार्डं होती, त्यांचं एकच मल्टी-रो कार्ड केलं. 11 सेकंदांचं पान चारवर आलं. DAX query चाच आकडा मोठा असता, तर कार्डं उडवून फार काही साधलं नसतं, तिथं मेजर नाहीतर मॉडेल बघावं लागतं.

क्वेरी_परभणी: एवढं रामायण कशाला? फोल्डिंग तुटलं असणार, म्हणजे स्टेपांचं काम सोर्सवर न होता पॉवर बीआयच करत बसलं असणार. मी एक इंडेक्स कॉलम काढून टाकला आणि 40 मिनिटांचं काम 6 मिनिटांत आलं. स्टेपवर राइट क्लिक करा, View Native Query फिकं दिसलं की समजा तुटलं.

काटा_लातूर: तुमचं 40 चं 6 झालं ते रात्रीच्या रिफ्रेशचं. मालक सकाळी पान उघडतात ते मेमरीतून, तिथं फोल्डिंगचा काय संबंध? रिफ्रेश स्लो आणि पान स्लो ही दोन दुखणी आहेत. आणि ते फिकं दिसलं म्हणून दरवेळी तुटलेलंच असतं असंही नाही.

क्वेरी_परभणी: डायरेक्टक्वेरीत असतो ना संबंध.

काटा_लातूर: असतो. तेवढं तुमचं खरं.

डेटावाला_नांदेड: म्हणजे माझे विज्युअल बरोबर निघाले, फक्त मी लातूरचा नाही एवढंच चुकलं. बेरजांचं काय? रोज आणि केंद्र धरून एक ओळ केली की वीस लाखांचे काही हजार होतात.

हिशोब_जालना: बेरजा कशाच्या, ते बोला. आमच्याकडं एका विद्वानानं रोजच्या टेबलात सरासरी भाव भरून ठेवला आणि महिन्याला त्या सरासऱ्यांची सरासरी काढली. एका दिवशी 90 क्विंटल 4200 नं, दुसऱ्या दिवशी 10 क्विंटल 4600 नं. डॅशबोर्ड म्हणतो 4400. खरा भाव 4240. मीटिंगमध्ये खरेदीवाल्या माणसाला उभं करून विचारलं, एवढा महाग माल का घेतला म्हणून! टेबलात रक्कम आणि क्विंटल ठेवा, भागाकार वर करा:

```
Avg Rate = DIVIDE(SUM(Roj[Rakkam]), SUM(Roj[Quintal]))
```

मोंढ्यावरचा: 4400 दाखवतेत आणि आमच्या पट्टीवर 4100 पडतेत. ओलावा म्हणून कपात, माती म्हणून कपात. ते कुठल्या टेबलात दाखवायलेत?

हिशोब_जालना: दादा, इथं डॅशबोर्डचं चाललंय.

मोंढ्यावरचा: मग मी पण भावाचंच बोलायलोय की.

काटा_लातूर: दादांचं सोडून देऊ नका. आमच्या रकमेत कपातीआधीचा आकडा होता. भाव कपातीनंतरचा धरायचा की आधीचा, यावर हिशोबवाले आणि खरेदीवाले अजून भांडायलेत. एकदा बेरीज करून ठेवली की मागचं काही सुटं करता येत नाही, म्हणून दोन्ही रकमा वेगळ्या ठेवल्या.

डेटावाला_नांदेड: डॅशबोर्ड चार सेकंदांत उघडतो आणि आकड्याचं भांडण महिनाभर. छान.

हिशोब_जालना: आणि शेतकऱ्यांची संख्या? एक माणूस हंगामात तीनदा माल आणतो. रोजचे मोजून बेरीज केली की एकाचे तीन झाले.

काटा_लातूर: त्याला बेरजेचं टेबल चालत नाही. पावती क्रमांक काढून टाकून तारीख, केंद्र आणि शेतकरी कोड एवढंच वेगळं टेबल इम्पोर्ट केलं, DISTINCTCOUNT त्यावर. तेच सगळ्यात जड विज्युअल आहे, दुसऱ्या पानावर हलवलं.

डेटावाला_नांदेड: आणि मालकांनी ऐकलं? आमचे साहेब म्हणतात सगळं एका नजरेत पाहिजे, प्रिंट काढून फाइलला लावायचंय.

काटा_लातूर: ऐकलं कुठं! कालच निरोप आला, तो आकडा परत पहिल्या पानावर आणा.