मदत हवी आहे: टीमला 'अकरा ते एक मीटिंग नको' हे कसं सांगू?

कोथिंबीरवडी:
आमची पुण्यातली नऊ जणांची सॉफ्टवेअर टीम, ग्राहक लंडनचे. मागच्या आठवड्यात बिलात एका पेनीचा फरक येत होता, तो शोधत होते. कुठली रक्कम कुठे राउंड होते हे वहीत लिहीत सातव्या पायरीला पोचले की साडेअकराची मीटिंग. परत येऊन पुन्हा पहिल्यापासून. असे तीन दिवस गेले. दहाला स्टँडअप, साडेअकराला टेस्टिंगचा आढावा, साडेबाराला 'जरा बोलूया'. तिन्ही मिळून सव्वा तास, पण सकाळभरात सलग दीड तास मिळत नाही.

टीमला हा मेल पाठवायचा आहे:

"मंगळवार ते गुरुवार ११ ते १ मीटिंग ठेवू नयेत असं सुचवते. तेव्हा लंडनला सकाळचे साडेसहा ते साडेआठ असतात (हिवाळ्यात तासभर आधी), त्यामुळे ग्राहकांची अडचण होणार नाही. आढावा दोनला घेऊ. चॅट एकला बघू. सिस्टिम बंद पडली, कुणाचे पैसे अडकले किंवा आजचंच रिलीज थांबलं, तर थेट फोन करा. चार आठवडे करून बघू."

मॅनेजरना हे आडमुठेपणाचं वाटेल का?

जुनंखोड:
वाटणार नाही, फक्त पेनीचा किस्सा मेलमध्ये घाल. पण फोन कुणाला करायचा ते लिहिलेलं नाहीस. नऊही जणांना करता आला तर नऊही जण फोनकडे कान लावून बसतील. रोज एकाची पाळी लाव. त्या दिवशी त्याला निवांत वेळ नाही, आणि दुसऱ्याला उठवायचं की नाही हे तोच ठरवेल. प्रत्येक फोनची एका ओळीत नोंद ठेवा: काय झालं, एकपर्यंत थांबलं असतं का. आमच्याकडे पहिल्या महिन्यात बहुतेक फोन एकाच सर्व्हरच्या पासवर्डसाठी आले. आणखी दोघांना तो दिल्यावर फोन थांबले.

पावसाळीढग:
एवढं कशाला? गूगल कॅलेंडरमध्ये फोकस टाइम लाव, त्यातला पर्याय निवडला की मीटिंग आपोआप नाकारल्या जातात.

जुनंखोड:
जातात, पण ग्राहकाचं आमंत्रणही नाकारलं जातं आणि त्याला नुसता ठरावीक निरोप मिळतो. आधी बोलणं झालेलं असेल तरच लावा. आणि गूगल चॅट सोडून दुसरं चॅट त्याने थोडंच थांबतं?

चिंचगूळ:
मी टेस्टिंगला आहे. अकराला बग सापडला आणि डेव्हलपर एकपर्यंत बोलणार नसेल, तर मी दोन तास काय करू? तुमच्या तिन्ही कारणांत माझा प्रश्न बसतच नाही.

कोथिंबीरवडी:
पाळीची कल्पना पटली, मेलमध्ये घालते. चिंचगूळ, तुझा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पाळीवाल्याने टेस्टिंगचे प्रश्नही घेतले तर चालेल का? पण तो भाग त्याने लिहिलेला नसेल तर पुन्हा दुसऱ्याला उठवावंच लागेल. असं कुणी सोडवलंय का?