मदत हवी आहे: घराच्या दुरुस्तीचा राखीव पैसा अर्धा शिल्लक दिसतोय, तरी ठेकेदार म्हणतो बजेट संपलं

पायरी

घराचं नूतनीकरण चालू आहे. सोयीसाठी एकूण बजेट 100 धरते. त्यातले 10 राखीव ठेवले आणि 90 कामांना वाटले: तोडफोड 5, प्लंबिंग व वॉटरप्रूफिंग 15, वायरिंग 12, फरशी-टाइल्स 20, किचनची कपाटं 22, रंग 8, दारं-खिडक्या 8.

तोडफोड झाल्यावर भिंतीतले पाइप गंजलेले निघाले. तोडफोडीत 1 आणि प्लंबिंगमध्ये 4 वाढले, ते राखीवमधून वळते केले. म्हणजे राखीव 5 उरले. आतापर्यंत एकूण 41 दिले आहेत, खात्यात 59 आहेत. रंग आणि दारं सोडली तर सगळी कामं सुरू झाली आहेत. तरी ठेकेदार म्हणतो, "आता एकही एक्स्ट्रा बसणार नाही." माझ्या हिशेबात कुठे चुकतंय?

खिडकीपाशी

राखीवच कमी ठेवलं तुम्ही. जुन्या घराला सरसकट 20 टक्के बाजूला काढावेत, 10 कधीच पुरत नाहीत. आणि रोजचा खर्च त्याच रात्री वहीत लिहा, पावती हरवली की हिशेब गेला.

हिशेबी

पावतीबद्दलचं बरोबर आहे. पण वहीत फक्त दिलेले पैसे लिहिले तर ही चूक कधीच दिसत नाही. पायरी, खात्यातले 59 हे "उरलेले" नाहीत. त्यातले बरेचसे आधीच कुणाला तरी कबूल केलेले आहेत. एक विचारतो: टाइल्सची ऑर्डर किती रकमेची दिली? कपाटांचा आराखडा ठरल्यावर त्यात काही बदल केला का?

पायरी

टाइल्स थोड्या वरच्या दर्जाच्या घेतल्या, दुकानदाराला 6 आगाऊ दिले, टाइल्सचे आणि मजुरीचे मिळून 14 द्यायचेत. स्कर्टिंग आणि सांधेभरणीचं अजून ठरलेलं नाही, साधारण 3 लागतील. कपाटांत दोन मोठे ड्रॉवर वाढवले. तिथे 8 दिलेत, 16 बाकी. प्लंबरला 14 दिले, 5 बाकी. वायरिंगचे 7 दिले, 5 बाकी. तोडफोडीचे 6 देऊन मिटलं.

हिशेबी

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. प्रत्येक कामासमोर तीन रकमा लिहा: दिले, ठरले पण द्यायचे, आणि अजून ठरायचे. तिन्हींची बेरीज म्हणजे ते काम संपेल तेव्हाचा खर्च. ती मूळ अंदाजाशी ताडायची.

फरशीचे 6, 14 आणि 3 मिळून 23 होतात. अंदाज 20 होता. किचनचे 8 आणि 16 मिळून 24, अंदाज 22. प्लंबिंग 19, वायरिंग जसंच्या तसं 12, तोडफोड 6. रंग आणि दारं अजून सुरू नाहीत, म्हणून त्यांचे 8 आणि 8 तसेच धरू. सगळं मिळून बरोबर 100.

म्हणजे राखीव 5 नाही, शून्य आहे. पाइपांनी 5 घेतले ते तुम्ही पाहिले, कारण ते तुम्ही स्वतः वळते केले. टाइल्सच्या आणि ड्रॉवरच्या आवडीने दुसरे 5 घेतले. ते मात्र कुठेच वळते झाले नाहीत, कारण त्यांचं बिल अजून आलेलं नाही. ऑर्डर देता त्या क्षणी पैसे गेले असं धरायचं, बिलाच्या दिवशी नाही.

एक्सेलमध्ये B मूळ अंदाज, C दिले, D द्यायचे, E ठरायचे. मग F मध्ये अंतिम खर्च आणि G मध्ये फरक:

```
F2: =C2+D2+E2
G2: =F2-B2
```

G ची बेरीज मूळ राखीवमधून वजा केली की खरं राखीव कळतं. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठेकेदारासमोर बसून, D आणि E भरा. E स्तंभ भरताना लोक जुनाच आकडा ठेवतात, तिथे फसगत होते. "आज हे काम संपवायला अजून किती लागतील" हे दर वेळी नव्याने विचारायचं.

निवांत

माझा प्रश्नही असाच आहे. ठेकेदाराला 60 टक्के रक्कम गेली आणि काम निम्मंही नाही. राखीवमधून पुढचा हप्ता द्यावा का?

हिशेबी

निवांत, तुमचा प्रश्न राखीवचा नाही, हप्त्यांचा आहे. राखीवला हात लावू नका. उरलेले हप्ते तारखेऐवजी पूर्ण झालेल्या कामाला बांधून घ्या, आणि शेवटचे 5 ते 10 टक्के किरकोळ दुरुस्त्या होईपर्यंत रोखून धरायचं लेखी ठरवा. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा.

खिडकीपाशी

पण 10 ऐवजी 20 ठेवले असते तर पायरींना हा त्रास झालाच नसता ना?

हिशेबी

झाला असता, थोडा उशिरा. राखीव मोठं दिसलं की हात सैल सुटतो. सरसकट टक्क्यापेक्षा कामागणिक काढा. जे भिंतीत किंवा जमिनीखाली दडलेलं आहे त्याला जास्त, जे डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं त्याला कमी. माझा अंदाज असा: प्लंबिंगला 25 टक्के, तोडफोडीला 20, वायरिंग आणि दारांना 15, फरशी आणि रंगाला 10, कपाटांना 5. पायरींच्या आकड्यांवर हे साधारण 12 येतं. त्यांचे 10 त्यापासून फार लांब नव्हते. पाइपांना प्रत्यक्षात 4 लागले आणि या हिशेबानेही तिथे जवळपास तेवढेच येतात. राखीव ज्यासाठी होतं त्याला ते पुरलं. कमी पडलं ते आवडीच्या बदलांमुळे, आणि तो खर्च राखीवचा नव्हेच. वरची टाइल हवी असेल तर दुसऱ्या कुठल्या कामातून तेवढी रक्कम कापायची, नाहीतर बजेटच वाढवायचं.

एखादं काम उघडून तपासून बंद झालं की त्याच्या वाट्याचं उरलेलं राखीव मोकळं होतं, पण सगळ्यात शेवटचं धोक्याचं काम संपेपर्यंत ते खर्चू नका.

पायरी

समजलं. ड्रॉवरचं काम अजून कापणीला गेलेलं नाही, ते रद्द केलं तर 2 परत येतील. एवढ्यावर भागेल का?

ओलावा

रंगाचं काम करतो म्हणून सांगतो. पाइप गंजले होते म्हणजे शेजारची भिंत पाणी प्यायलेली असू शकते. तसाच रंग मारला तर काही महिन्यांत फुगे येतात, पांढरी खार सुटते आणि प्लास्टर खरवडून परत करावं लागतं. रंगाचे 8 तेव्हा 8 राहणार नाहीत. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. नवीन प्लास्टर केलं असेल तर रंगाआधी साधारण 28 दिवस जाऊ द्या.

हिशेबी

ही चाचणी आधी करा, ड्रॉवरचा निर्णय त्यानंतर. भिंत कोरडी निघाली तर राहिलेला मुख्य धोका दारांच्या चौकटींचा. तिथे सुतार चौकट टोचून पाहील, लाकूड आत भुसभुशीत लागलं तर पूर्ण बदलावी लागते. दोन्ही ठीक निघालं तर 2 पुरतील असं वाटतं. भिंत ओली निघाली तर पुरणार नाहीत, मग टाइल्सची ऑर्डर अजून बदलता येते का ते विचारा.

खिडकीपाशी

आणि राखीव किती आहे ते ठेकेदाराला सांगू नका. सांगितलं की तेवढंच एक्स्ट्रा निघतं.

ओलावा

याच्याशी सहमत नाही. आकडा माहीत असला तर चांगला ठेकेदार आधीच सांगतो की कुठे जपायचं. पायरींच्या ठेकेदाराने तर स्वतःहून थांबवलंय.

पायरी

प्लास्टिक आज लावते. उद्या कसं निघालं ते इथेच कळवते.