डब्याचं प्रोटीन काट्यावर मोजलं, तरी भांडी कोणी घासायची?

कट्ट्यावरचा:
पुण्यात एका खोलीवर राहणारे कॉलेजचे दोघं. खानावळीचा डबा: ३ पोळ्या, मटकीची उसळ, आमटी, भात. जिमला जाणारा म्हणाला, ह्यात १५ ग्रॅमसुद्धा प्रोटीन नाही. कॉमर्सवाला म्हणाला, ५० तरी असणारच. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची. स्वयंपाकाचा काटा आणून डबा मोजला: पोळ्या १३२ ग्रॅम, आमटी १६०, भात १५०, उसळ रश्श्यासकट १२०. तक्त्यातून गव्हाचं पीठ, तूरडाळ, तांदूळ आणि मटकीचे आकडे घेऊन गुणले. बेरीज ८४! जिमवाला सध्या भांडी घासतोय. निकाल बरोबर आहे का?

मापात_पाप:
काटा बरोबर, गुणाकार चूक. सगळा डबा ५६२ ग्रॅमचा आणि त्यात ८४ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे १०० ग्रॅमला १५. अंड्यात १३ च्या आसपास असतं. पातळ आमटी आणि भाताचा डबा अंड्याला मागे टाकायला लागला की तिथेच थांबायला हवं होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तूरडाळीला १०० ग्रॅममागे २१.७ आहे, पण ती कोरडी, कच्ची डाळ. ह्यांनी तो आकडा १६० ग्रॅम आमटीला लावला आणि एकट्या आमटीतून जवळपास ३५ ग्रॅम काढले. त्या वाटीत बहुतेक पाणीच आहे. वाटीत कच्ची डाळ किती गेली, हा खरा प्रश्न.

तीनाचा_पाढा:
एवढं कशाला? शिजल्यावर सगळं तिप्पट होतं. ८४ भागिले ३, झाले २८. जिमवालाही हरला, कॉमर्सवालाही.

मापात_पाप:
भाताला तुमचा हिशेब बऱ्यापैकी चालतो. १५० ग्रॅम भात म्हणजे साधारण ५४ ग्रॅम तांदूळ, प्रोटीन ४ च्या थोडं वर. पोळीला मात्र अजिबात नाही. १०० ग्रॅम पिठाची कणीक १६५ ग्रॅमपर्यंत होते, भाजताना वाफ जाऊन पोळ्या उरतात १४० च्या पुढेमागे. म्हणजे १३२ ग्रॅम पोळ्यांत सुमारे ९२ ग्रॅम पीठ, प्रोटीन पावणेदहा. तीनने भागलं असतं तर पाचच्याही खाली आलं असतं. ह्या डब्यात सगळ्यात जास्त प्रोटीन पोळ्यांतच आहे, आणि त्याकडे दोघांचंही लक्ष नाही.

आमटी उलट टोकाला. ती गाळून उपयोग नाही, तूर घोटलेली असते. त्यापेक्षा तशीच आमटी करून बघायची. ४० ग्रॅम डाळ कुकरला लावा, घोटा, आणि डब्यातल्या आमटीइतकी पातळ होईपर्यंत गरम पाणी घाला. दोन्हींचा एकेक चमचा ताटलीत ठेवून ताटली तिरपी करा, दोन्ही ओघळ बरोबर धावले की थांबा. दोन्ही सारख्याच कोमट हव्यात. आमटी निवली की घट्ट होते, आणि गारशी गरम ताडून पाहिली तर डाळ जास्त धरली जाते. अशी आमटी एकूण ३२० ग्रॅम भरली, तर १६० च्या वाटीत २० ग्रॅम डाळ. प्रोटीन सव्वाचार. कुठे ३५ आणि कुठे सव्वाचार!

उसळ मात्र गाळता येते. रस्सा निथळून मटकीचे दाणे ७० ग्रॅम उरले, तर कोरडी मटकी ३० च्या आसपास, प्रोटीन सहाला जरा कमी. सगळं मिळून २४.

प्रयोगशाळा_जिंदाबाद:
हे सगळं अंदाजपंचे. काटा वजन मोजतो, प्रोटीन नाही. डबा प्रयोगशाळेत द्या, नाहीतर गप्प बसा.

मापात_पाप:
नेहमीच्या पद्धतीत प्रयोगशाळाही प्रोटीन थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि बहुतेक पदार्थांना ६.२५ ने गुणते. गव्हाला ५.७ ने गुणायचा प्रघात आहे. म्हणजे गुणाकाराचा भरवसा तिथेही धरावा लागतो. इथे चूक किती मोठी आहे ते बघा. पिठाच्या पाकिटावर तक्त्यातल्या १०.६ ऐवजी १२ असेल तर ह्या ३ पोळ्यांत सव्वा ग्रॅमचा फरक पडतो. कच्च्या-शिजलेल्याच्या गोंधळात एका वाटीत ३० चा पडला.

प्रयोगशाळा_जिंदाबाद:
आमटीत खोबरं, गूळ, चिंचेचा कोळ असेल तर तुमचा ओघळ फसला. दाटपणा काही डाळीचाच नसतो.

मापात_पाप:
हे मान्य. खोबऱ्याच्या वाटणाची आमटी असेल तर ह्या रीतीने डाळ जास्त दिसेल. साध्या फोडणीच्या आमटीला ठीक.

नवा_काटा:
काटा कुठला घ्यावा ते कोणी सांगेल का? माझ्याकडच्या काट्यावर चिमूटचिमूट हळद टाकली तर शून्यच दिसतो. बिघडलाय का?

तीनाचा_पाढा:
इथे प्रोटीनचं चाललंय हो!

मापात_पाप:
बिघडलेला नाही. बरेच काटे शून्याजवळचा बारीक बदल स्वतःच पुसून टाकतात. वाटी ठेवून शून्य न करता तिचा आकडा लिहून घ्या, हळद घाला आणि फरक काढा. डब्याच्या कामाला १ ग्रॅमचा काटा पुरतो. फक्त गरम डबा थेट काट्यावर ठेवू नका, आकडा सरकत राहतो.

खानावळवाल्या_काकू:
आमच्याकडे किलोभर तुरीत ४५ ते ५० वाट्या आमटी निघते, म्हणजे तुमचे २० ग्रॅम जुळतात. पण एका दिवसाच्या डब्यावर जाऊ नका. पातेलं मुक्कामाला असलं की डाळ तळाशी बसते. पळी ढवळून भरली नाही तर पहिल्या डब्यांत पाणी आणि शेवटच्यांत घट्ट गोळा. शिवाय उसळ रोज नसते. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी तुमच्या २४ मधले ४-५ गेलेच म्हणून समजा.

जिमवाल्यांचा_वकील:
मग जिमवाल्याचंच म्हणणं खरं. गव्हात लायसिन हा प्रोटीनमधला गरजेचा घटक कमी, त्यामुळे पोळीचं प्रोटीन पूर्ण धरायचंच नाही. निम्मं धरा.

खानावळवाल्या_काकू:
कोरडी पोळी कोण खातं? बरोबर आमटी-उसळ आहे ना.

मापात_पाप:
डाळीत लायसिन भरपूर, ते गव्हाची उणीव बरीच भरून काढतं. निम्मं धरायला काही आधार दिसत नाही. पण २० ग्रॅम डाळ ९२ ग्रॅम पिठाला पुरती पडते का, ह्यावर वाद घालता येईल. मटकी धरली तर माझ्या मते पडते.

जिमवाल्यांचा_वकील:
मला पटत नाही. पण २४ जरी धरले, तरी १५ पासून ९ लांब आणि ५० पासून २६ लांब. भांडी कॉमर्सवाल्याने घासायची.

तीनाचा_पाढा:
पैज जवळ कोण ह्याची नव्हती. एक म्हणाला १५ सुद्धा नाही, ते खोटं. दुसरा म्हणाला ५० तरी, तेही खोटं.

कट्ट्यावरचा:
दोघांना हे वाचून दाखवलं. कॉमर्सवाल्याचं नवं म्हणणं असं, की त्याचे ५० दोन्ही वेळच्या डब्यांचे होते. आज रात्रीचा डबा मोजतायत, उसळ गाळून. भांडी अजून मोरीतच आहेत.