घरचं काम की बालमजुरी? कडबाकुट्टी पाहून आठवलं, तुमचेही अनुभव लिहा

ज्वारीचं_कणीस
दिवाळीला माहेरी गेले तर दादाचा बारा वर्षांचा मुलगा मोटरच्या कुट्टीवर पेंढ्या सारत बसलेला. बघूनच पोटात गोळा आला. माझी डावी करंगळी अर्धीच आहे, ती अशीच गेली. तेव्हा हाताने फिरवायचं चाक होतं. दादा चाक फिरवायचा, मी कुट्टीच्या तोंडात कडबा घालायचे. पेंढीचं शेवटचं वीतभर बुडखं रुळात घेईना, म्हणून मी बोटांनी रेटलं. दादाने लगेच हात काढला, पण चाकाला वजन असतं, ते जागच्या जागी थांबत नाही. आप्पांनी दवाखान्यात "दारात सापडली" असं सांगितलं. मजुरी म्हणून कधी मनातही आलं नव्हतं, घरचंच काम होतं ना. तुमच्याकडे काय काय करायचात?

माळावरचा
ताई, वाचून हात आखडला. बुडखं पुढच्या पेंढीने ढकलायचं, हाताने कधीच नाही. हे आम्हाला आज्याने काठी दाखवून शिकवलं होतं.

पुणेकर७२
कायद्याने चौदाच्या आत काहीच करता येत नाही. शेळीला पाला टाकला तरी गुन्हा! उद्या पोरं ताट उचलणार नाहीत.

अर्धा_वकील
नाही हो पुणेकर. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवायला सरसकट बंदी झाली हे खरं, पण घरच्यांना मदत करायची सूट ठेवलीय. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, शाळेचं नुकसान न होता. २०१७ च्या नियमांत वेळही घातलीय, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. म्हणजे पहाटेची धार बाद. शेळीला पाला चालेल. पण धोक्याच्या कामांची यादी आहे, त्यात घरचं असलं तरी सूट नाही. ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि ताईंची कडबाकुट्टी त्या यादीत आहे. कीटकनाशकंही.

रानपाखरू
पहाटेची धार बाद म्हणे. म्हशीला कळवलंय का कुणी? 😀

पुणेकर७२
बरं. आजोबांच्या शेतात चालतं ना पण?

अर्धा_वकील
गंमत तिथेच आहे. व्याख्येत आईवडील, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी आहेत. आजोबा नाहीत. शेत बापाच्या नावावर नसेल तर काय, याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही. सावडीला शेजाऱ्याच्या रानात पोर गेलं तर तेही घरचं नव्हे.

बीडवाला
आमच्याकडं सातबाराच नव्हता, कुठलं घरचं शेत. दिवाळी झाली की बैलगाडीत बसायचं, शाळा तिथंच सुटली. आई-बाप ऊस तोडायचे, मी वाढे गोळा करून पेंढ्या बांधायचो, त्या विकून किराणा. धाकटीला सांभाळायचं ते वेगळंच. मुकादमाची उचल आई-बापाच्या नावावर, माझं नाव कुठंच नाही. मग कुणी विचारलं तर "पोरगं मदत करतंय". मार्चात परत आलो की गुरुजी पास करायचे, पण पाढे यायचे नाहीत. मला अजून सतराचा पाढा येत नाही.

अर्धा_वकील
यालाच घरची मदत म्हणता येत नाही, भाऊ. कोयता आई-बापाचा असला तरी ऊस कारखान्याला जातो आणि मजुरी मुकादमाकडून येते. मुलाला किंवा घराला पैसे मिळवून देणाऱ्या उत्पादन-पुरवठ्याच्या साखळीतलं काम या सवलतीत बसत नाही. आणि कुणी ३० दिवस सलग शाळेत आलं नाही तर मुख्याध्यापकांनी कळवायचं, असं नियम सांगतो. तुमच्या गुरुजींनी कळवलं असतं तर कुणाला, हा प्रश्न वेगळा.

सोलापुरी_चादर
आमच्या गल्लीत सगळ्या बायका विड्या वळायच्या. हजार विड्या व्हायच्या तर आई पानं कापायची, भरायची, वळायची, आणि तोंडं मुडपायला आम्ही दोघी बहिणी. लहान बोटांनी तोंड चटकन मिटतं. बोटांना तंबाखूचा वास इतका की शाळेत बाईंनी वही नाकाला लावून बाजूला ठेवली होती. विडी यादीत १९८६ पासूनच आहे, हे मला आत्ता कळलं. आईला कळलं असतं तरी हजार भरायच्याच होत्या.

रानपाखरू
@सोलापुरी_चादर, तिकडचं शेंगाचटणीचं दुकान अजून आहे का हो, बाजारातलं?

निळा_कंदील
माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. सुट्टीत कॅफेत काम करायचं म्हणतो. परवानगी आहे का?

अर्धा_वकील
चौदा ते अठरा धोक्याच्या कामांना बंदी, म्हणजे खाण, स्फोटकं वगैरे. कॅफेला ही बंदी नाही. पण दुकानांचे राज्याचे नियम वेगळे असतात, मालकाला तेवढं विचारा.

माळावरचा
एक मात्र खरं सांगतो, पेरणीला बाबांसोबत मोघा धरला म्हणून मला आज दाण्याचं अंतर कळतं. दंड आकारायला आलेला माणूस ते शिकवणार नाही.

बीडवाला
दादा, तुमच्याकडं मोघा धरायला रान होतं.

ज्वारीचं_कणीस
माळावरचा, आईवडिलांना पहिल्या वेळेला दंड नाहीच म्हणे. बीडवाला, तुमचं वाचून गप्प झाले. आत्ता दादाला फोन केला. आधी चिडला, मग पोराला कुट्टीवरून उठवलंय. म्हणतो, "सुट्टीभर तूच ये, पेंढ्या सारायला."