मदत हवी आहे: प्युरिफायरचा एएमसी घेतला, सर्व्हिसला कोणी फिरकलंच नाही

मंडळी, गुहागरला आईकडे विहिरीच्या पाण्यावर आरओ आहे. ४,८०० रुपयांच्या वार्षिक एएमसीत चार सर्व्हिस कबूल होत्या. आठ महिने झाले, एकही नाही. पावसाळ्यानंतर सेडिमेंट फिल्टर गेरूसारखा लाल झालाय, धार करंगळीएवढीही पडत नाही. फोन केला की "माणूस चिपळूणहून निघालाय". कुठे अडकतो देव जाणे!

आता पत्र देतेय: "पंधरा दिवसांत फिल्टर बदलून सर्व्हिस द्या, नाहीतर पैसे परत करा." अडलंय रकमेवर. महिन्यांच्या हिशेबाने उरलेल्या चार महिन्यांचे १,६०० होतात. पण सर्व्हिसमागे १,२०० धरले तर सगळेच ४,८०० निघतात. पत्रात कोणता हिशेब लावू? आणि ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर आत्ताच तक्रार करू की मुदत संपल्यावर? पावती आणि कोरं सर्व्हिस कार्ड जवळ आहे.