रमाची शालिनी करायचीय, पण 'रमेला', 'रमेचं' याचं काय?

कच्चाखर्डा: कादंबरी संपत आलीय आणि आता नायिकेचं नाव रमाऐवजी शालिनी करायचंय. फाइंड-रिप्लेसला 'रमा' दिलं तर रमेने, रमेला, रमेच्या हे सापडतच नाही, आणि नुसतं 'रमे' दिलं तर भलतंच काय काय हाती लागतं. शिवाय आई तिला रमू म्हणते. कसं करतात हे?

निवांत: शालिनी जुनाट वाटतं हो, शर्वरी ठेवा ना.

कच्चाखर्डा: नाव ठरलंय, अडलंय ते प्रत्ययांवर :)

बोरूबहाद्दर: हल्ली नावांचं सामान्यरूप कोण करतं? सगळीकडे रमाला, रमाने करून टाका, मग एका फटक्यात काम.

शुद्धमती: अर्धं बरोबर. नेहाचं नेहेला कोणी करत नाही, पण रमेला, सीतेला, राधेला अजून सर्रास लिहितात. तसाही तो वाद इथे नकोच, कारण शालिनी प्रत्ययाआधी बदलत नाही. रमा असो की रमे, जागी शालिनीच येणार आणि पुढचा ने, ला, च्या जसाच्या तसा राहणार. शालिनीची रमा करायची असती तर खरी पंचाईत, दर ठिकाणी रमा की रमे ते बघत बसावं लागलं असतं.

गोची आहे ती दुसऱ्या शब्दांच्या पोटात. 'रिप्लेस ऑल' केलंत तर शरमेने चं 'शशालिनीने' होईल, क्रमाने चं 'क्शालिनीने' आणि परमेश्वराचं तर विचारूच नका. म्हणून आधी स्पेस देऊन पूर्ण रूपंच शोधा: रमेने, रमेनं, रमेला, रमेचा-ची-चे-चं-च्या, रमेशी, रमेकडे. अवतरणचिन्हाला चिकटलेली आणि परिच्छेदाच्या सुरुवातीची यात सुटतात, ती मागाहून नुसतं 'रमे' शोधून एकेक बघत बदला. तिथेही 'मन रमेना' समोर येईल, ते सोडून द्या. मग रमा, तेही एकेक बघूनच, त्यात रमाच, रमाही, रमाताई आपोआप येतात. रमूची शालू करताना 'वाचनात रमून गेली' सांभाळा, नाहीतर 'शालून गेली' होईल.

पानगळ: माझ्याकडे वसंतचा वसंतराव करायचाय, ते याहून वाईट. वसंतने चं वसंतरावांनी होतं ते ठीक, पण 'वसंत आला' चं 'वसंतराव आले' करायचं म्हणजे क्रियापद बदललं, 'त्याचा' चं 'त्यांचा' झालं, हे कुठल्या सर्चने सापडणार? वाक्य न् वाक्य वाचतोय.

शुद्धमती: त्याला दुसरा इलाज नाही.

कच्चाखर्डा: जमेल असं वाटतंय. पण एका ठिकाणी सासू म्हणते, "नाव रमा, आणि बाई कुठे म्हणून रमेना." हे कसं वाचवायचं?

बोरूबहाद्दर: कापा सरळ.

पानगळ: कापू नका हो, तेवढ्यासाठी मी तर नाव रमाच ठेवलं असतं.