मदत हवी आहे : गाण्याच्या ओळीचे तुकडे ग्रिडवर असूनही काही तुकडे उशिरा का वाजतात?

सुरेल_डोंबिवली :
नमस्कार. १२४ बीपीएमच्या एका हाउस ट्रॅकसाठी मी बहिणीच्या आवाजात 'सांज सरली, ये ना' एवढीच ओळ ध्वनिमुद्रित केली आहे. तिचे तुकडे करून त्यांतून चार बारचा हुक बांधायचा आहे. एबल्टन लाइव्हच्या सिम्पलरमध्ये आपोआप केलेले तुकडे नीट पडेनात, म्हणून `Manual` निवडून प्रत्येक अक्षराच्या अगदी सुरुवातीला खूण केली आणि सगळ्या नोट्स पूर्ण क्वांटाइझ केल्या. तरीही 'ये' आणि 'ना' किकबरोबर चपखल बसतात, तर 'सां' आणि 'सर' मागून फरफटत आल्यासारखे वाटतात. शिवाय काही तुकड्यांच्या सुरुवातीला बारीक 'टिक्' असा आवाज येतो. माझे नेमके काय चुकते आहे?

बीटवाला७७ :
कट झिरो क्रॉसिंगवर नसले की असा 'टिक्' येतो. प्रत्येक खूण तरंग मधल्या रेषेला छेदतो तिथे सरकवा. उशीर मात्र तुमच्या ऑडिओ इंटरफेसच्या लेटन्सीमुळे असणार, त्यामुळे बफर कमी करून पाहा.

अनाहत :
'टिक्'बद्दल बीटवाला यांचे म्हणणे बरोबर आहे. तरी झिरो क्रॉसिंग शोधत बसण्यापेक्षा तीन-चार मिलिसेकंदांचा फेड-इन देणे सोपे पडते. तो फार वाढवला, तर 'ना'चा ठोसा बोथट होतो. लेटन्सीचा मुद्दा मात्र मला पटत नाही, कारण लेटन्सी असती तर 'ये' आणि 'ना'सुद्धा तेवढेच मागे पडले असते.

मागे पडणारे दोन्ही तुकडे 'स'ने सुरू होतात, हीच खरी खूण आहे. कानाला अक्षराचा ठोका साधारणपणे स्वर फुटतो तिथे जाणवतो, व्यंजनाचा आवाज सुरू होतो तिथे नव्हे. तरंग मोठा करून 'सां'मधला नुसता सळसळाट मोजून पाहा. तो ९५ मिलिसेकंद भरला असे धरू. तुमच्या गतीला एक सिक्स्टीन्थ सुमारे १२१ मिलिसेकंदांची असते, म्हणजे 'आ' जवळजवळ एक पूर्ण घर उशिरा येतो. तेव्हा ग्रिड बंद करून ती नोट ९५ मिलिसेकंद आधी सरकवा, म्हणजे स्वर किकवर येईल. पूर्ण ट्रॅकला उणे डिले देऊ नका, नाहीतर आज नीट बसलेला 'ये' पुढे पळेल.

एक अडचण आधीच सांगतो. 'सां' पहिल्या बारच्या पहिल्याच ठोक्यावर असेल, तर त्याचा 'स' लूपच्या बाहेर जातो आणि कापला जातो. अशा वेळी ती नोट चौथ्या बारच्या शेवटी ठेवून पुढच्या फेरीत वाहू द्यावी लागते आणि पहिल्या फेरीपुरता पूर्ण 'सां' ऑडिओ म्हणून वेगळा लावावा लागतो.

गणेशोत्सव_मिक्स :
माझ्याकडे गायिकेच्या मागे तानपुरा वाजतो आहे. तुकडे केले की तानपुरा तुटक-तुटक ऐकू येतो आणि फार विचित्र वाटते. त्यावरही हाच उपाय चालेल का?

अनाहत :
नाही, तो प्रश्न वेगळा आहे. ओळ पुन्हा कोरडी गाऊन घेता आली तर सर्वांत उत्तम. नाहीतर तोच सूर अखंड मागे ठेवा, म्हणजे तुटकपणा बराचसा झाकला जाईल.

सुरेल_डोंबिवली :
'सां' जागेवर आला, मनापासून आभार. आता पेच 'सर-सर-सर'चा आहे. हे तुकडे लागोपाठच्या सिक्स्टीन्थवर आहेत आणि सिम्पलर `Mono`वर असल्यामुळे पुढचा 'स' सुरू होताच मागचा 'अ' तुटतो. शेवटी सगळा सळसळाटच उरतो.

बीटवाला७७ :
'स' कापून वीस-तीस मिलिसेकंदांचा करा.

अनाहत :
करून पाहा, पण सळसळाट एकदम सुरू झाला की 'सर'ऐवजी 'चमचा'तल्या 'च'सारखे काहीतरी ऐकू येण्याचा संभव असतो. मी पहिला 'सर' पूर्ण ठेवीन आणि पुढच्या दोन ठोक्यांना स्वरापासून कापलेला 'अर' वाजवीन. पहिल्या 'स'च्या आधाराने कान शब्द धरून ठेवतो.

मींडप्रेमी :
एक भर घालते. 'ली'वर गायिकेने मींड घेतली असेल, तर त्या तुकड्याला स्थिर सूर नसतो आणि तो वारंवार वाजवला की बेसूर भासतो. मींड संपून सूर ठरतो, तिथून तुकडा घ्या.

अनाहत :
इथे माझे मत वेगळे आहे. ती घसरण ठेवली, तर तोच तुकडा हुकची ओळख बनू शकतो, मात्र तो एकदाच आणि बारच्या शेवटी वाजवावा.

सुरेल_डोंबिवली :
'अर'ची युक्ती तालात चांगली बसली, पण बहिणीला अजूनही 'सर, अर, अर' असेच ऐकू येते. 'ली'च्या दोन्ही आवृत्त्या करून इथे टाकतो.